कार्डावरची पहिली ओळ

विज्ञानाच्या पहिल्या पेपरच्या आदल्या दिवशी, दुपारी जेवण झाल्यावर, विघ्नेश सरांनी घरातलं कपाट आवरायला काढलं आणि तिथेच घात झाला. ज्या माणसाने वर्षभर कपाट आवरलं नाही, त्याला नेमकी हीच दुपार सुचावी, याला काय म्हणावं!

वसईतल्या एव्हरशाईन सिटीत तळमजल्यावरच्या एका गाळ्यात त्यांचा क्लास होता. अडतीस मुलं दहावीची, सगळी मराठी माध्यमाची. निम्मी आजूबाजूच्या बिल्डिंगांमधली, निम्मी पश्चिमेकडच्या गावांतली. क्लास नावारूपाला आला तो एका कार्डामुळे. खिशात मावेल एवढं पिवळं कार्ड, त्यावर पाच ओळी. रासायनिक अभिक्रिया समोर आली की ती कुठल्या प्रकारची, हे पाच सेकंदांत ओळखायचं. सरांचं एक वाक्य मुलांना तोंडपाठ होतं : "विचार करत बसू नका, खूण बघा." आणि मुलं खरंच विचार करत नसत. सरांना याचा अभिमान होता, हे आज सांगतानाही त्यांची कीव येते.

कपाटातून डिसेंबरच्या सराव परीक्षेचे, मुलांना दाखवून परत घेतलेले पेपर निघाले. रद्दीत घालण्याआधी सरांनी सहज वरचा पेपर चाळला. फ्लॉसीचा होता. फ्लॉसी भुईगावची, फर्डिनंड आणि पॉलिन यांची मधली मुलगी. मागच्या मार्चमध्ये ती विज्ञानात दोन मार्कांनी गेली, ऑक्टोबरमध्ये परत बसली तर एका मार्काने गेली. ही तिसरी खेप. या वेळी पास झाली तर वसईच्याच एका हॉस्पिटलच्या नर्सिंगच्या वर्गात तिला घेणार होते. नाही झाली तर तिची जागा दुसऱ्या कुणाला जाणार होती, मग तो दरवाजा बंद.

प्रश्न तिसरा, अभिक्रियांचे प्रकार ओळखा. शेवटची अभिक्रिया अशी होती : 2KClO₃ → 2KCl + 3O₂. पोटॅशियम क्लोरेट तापवलं की पोटॅशियम क्लोराइड राहतं आणि ऑक्सिजन सुटतो. फ्लॉसीने तिच्या गोल, सावध अक्षरात लिहिलं होतं, 'अपघटन'. त्यावर सरांच्या लाल पेनाची मोठी फुली होती. बाजूला त्यांच्याच अक्षरात लिहिलेलं होतं, 'O₂ दिसत नाही का? कार्ड बघ!!' उद्गारचिन्हं दोन.

सरांनी ते वाचलं. मग परत वाचलं. बाणाच्या डावीकडे एकच पदार्थ, उजवीकडे त्याचे झालेले दोन. एकाचे तुकडे झाले की अपघटन. हे तर शेंबडं पोरही सांगेल. जळलं काहीच नव्हतं. ऑक्सिजन कामाला लागला नव्हता, तो तर बाहेर पडत होता.

त्यांनी खिशातलं पिवळं कार्ड काढलं.

पहिली ओळ : O₂ दिसला की ज्वलन. पुढचं वाचू नका.
दुसरी : उजवीकडे एकच पदार्थ, तर संयोग.
तिसरी : डावीकडे एकच पदार्थ, तर अपघटन.
चौथी : एकटं मूलद्रव्य संयुगात घुसून दुसऱ्याला बाहेर काढतं, तर विस्थापन.
पाचवी : दोन संयुगं आपापसात जोड्या बदलतात, तर दुहेरी विस्थापन.

पायाखालची वाळू सरकली म्हणतात ती अशी. पहिल्या ओळीत मुळात 'डावीकडे O₂, आणि उष्णता-प्रकाश' असं लिहिलेलं होतं. छापखान्यातल्या माणसाने अक्षरं मावत नाहीत म्हटल्यावर सरांनी उभ्या उभ्या ती ओळ कापली होती. कापली ती कापली, आणि पुढे दोन वर्षं ते स्वतःही तेच कार्ड वाचत राहिले. पेपर तपासताना ते रसायनशास्त्र वापरत नव्हते, कार्ड वापरत होते. बाकीच्या सदतीस जणांनी 'ज्वलन' लिहिलं होतं आणि सरांनी सदतीस वेळा 'बरोबर' अशी टिक केली होती. बरोबर असलेल्या एकटीला फुली मिळाली होती.

"संजना," त्यांनी हाक मारली. त्यांची बायको दारात आली. सरांनी तिला सगळं सांगितलं.

संजना बँकेत नोकरीला होती, चुका शोधणं तिचा रोजचा धंदा. तिने कार्ड पाहिलं, पेपर पाहिला. "मग आता?"

"आता सगळ्यांना सांगायला हवं. उद्या सकाळी अकराला पेपर आहे."

"वेडे झालात का? उद्या पेपर आणि आज सांगणार की आपलं कार्ड चुकीचं आहे? एका मार्काचा प्रश्न. ही पोरं त्या कार्डावर जगतायत. पहिली ओळ खोटी निघाली तर बाकीच्या चार ओळींवर तरी विश्वास राहील का त्यांचा? एका मार्कापायी दहा घालवतील."

बायकोचं म्हणणं चुकीचं नव्हतं, हीच तर पंचाईत होती. सरांनी फ्लॉसीचा पेपर परत तिच्यासमोर सरकवला. मग म्हणाले, "आणि हीच अभिक्रिया आली तर? आणि ज्याला एक मार्क कमी पडतो त्यालाच कमी पडला तर?"

संजनाने पेपरवरचं नाव वाचलं. आत जाऊन टेलिफोनची वही घेऊन आली.

फोन करायला बसले. एकेकाला तेच सांगायचं. पहिली ओळ खोडा. O₂ डावीकडे असेल आणि पदार्थ जळत असेल, तरच ज्वलन. मिथेन जळला की CH₄ + 2O₂, आणि उजवीकडे CO₂ आणि पाणी, ते ज्वलन. मॅग्नेशिअमची फीत जळली की 2Mg + O₂ → 2MgO, तिथे ज्वलनही आहे आणि संयोगही, काहीही लिहा, मार्क मिळेल. पण O₂ उजवीकडे सुटत असेल तर आधी बघा, डावीकडे किती पदार्थ आहेत.

मुलं "हो सर" म्हणत. आईवडील वेगळं म्हणत. प्रल्हाद नावाच्या मुलाचे वडील, जे याच कॉम्प्लेक्समध्ये राहत आणि दर रविवारी सरांना चहा पाजत, त्यांनी फोन मुलाकडून काढून घेतला. "सर, दोन वर्षं हे कार्ड वाटताय तुम्ही. आता, पेपरच्या आदल्या दिवशी? तुमच्या भरवशावर सोडलं होतं आम्ही पोराला."

"चूक माझी आहे," सर म्हणाले.

"ते तर दिसतंच आहे," वडील म्हणाले आणि फोन ठेवला.

संध्याकाळी साडेपाचपर्यंत एकतीस झाले. उरलेल्या सात जणांकडे फोन नव्हता किंवा लागत नव्हता. सरांनी स्कूटर काढली, रेल्वे ओलांडून पश्चिमेला गेले. सहा घरं झाली. एका ठिकाणी पोरगी रडायलाच लागली, तिला तिथेच ओट्यावर बसवून दहा अभिक्रिया सोडवून घ्याव्या लागल्या, तेव्हा कुठे तिचे हुंदके थांबले. सरांच्या मनात आलं, संजना बरोबर बोलली होती. आपण पोरांच्या अंगात भीती घालत फिरतोय.

शेवटचं घर भुईगावचं, फ्लॉसीचं. तिची आई, पॉलिनबाई, अंगणात होत्या. सरांना पाहून त्यांच्या तोंडचं पाणी पळालं. परीक्षेच्या आदल्या दिवशी मास्तर दारात म्हणजे काहीतरी वाईटच.

"काय झालं सर? हॉल तिकीट?"

"नाही नाही. फ्लॉसीशी जरा बोलायचं होतं."

"ती गिरीजला, माझ्या बहिणीकडे. घरात पावणे आहेत ना मुंबईचे, गडबड असते. अभ्यासाला शांत पाहिजे म्हणाली."

गिरीजची वाट केळीच्या वाड्यांमधून जाते. कार्मिन मावशीचं घर शोधायला पाऊण तास गेला. मावशी पडवीत भाजी निवडत होत्या. फ्लॉसी देवळात, म्हणजे चर्चला गेली होती, प्रार्थनेला. येईल अर्ध्या तासात.

सर बाकावर टेकले. मावशींनी पाणी दिलं, मग त्यांच्याकडे निरखून पाहिलं. "सर, एक विचारू? रागावू नका. तिला आता काही नवीन सांगायला आलात का?"

सरांनी पाण्याचा पेला खाली ठेवला.

"नका सांगू. कालपासून दोन घास खाल्ले नाहीत पोरीने. तुमचं ते पिवळं कार्ड उशीखाली घेऊन झोपते. आधी नव्हती हो अशी. मागच्या वर्षी नापास झाली तरी हसायची, म्हणायची, मावशी, परत बसेन. पण नाताळाच्या आधी क्लासची कसली परीक्षा झाली आणि घरी येऊन मला म्हणाली, मावशी, माझं डोकंच बरोबर नाही. मला जे बरोबर वाटतं ते चुकीचं असतं." मावशींनी भाजीची टोपली बाजूला ठेवली. "तेव्हापासून विचार म्हणून करत नाही. फक्त पाठ करते."

फुली एका मार्काची होती. तिचं मोल त्यांना आत्ता कळत होतं. एकटी मुलगी सबंध क्लासात स्वतःच्या डोक्याने चालली होती आणि आपण तिला डोकं बंद करायला शिकवलं. वर दोन उद्गारचिन्हं.

त्यांनी खिशातून पेन काढलं, एका चिठ्ठीवर लिहायला घेतलं, 'पहिली ओळ चुकीची आहे'. मग फाडून टाकलं. रात्रभर ती त्या चिठ्ठीशी झुंजेल. समोर उभं राहून सांगण्याची गोष्ट चिठ्ठीवर सांगून मोकळं होणं, हा भेकडपणा झाला. आणि थांबून आत्ता समोर सांगितलं, तरी पोरीची रात्रीची झोप जायची.

"तिला काही सांगू नका मावशी. सकाळी मी केंद्रावर येतो."

"बरं," मावशी म्हणाल्या, पण त्यांना ते पटलेलं दिसलं नाही.

दुसऱ्या दिवशी सर साडेनवालाच परीक्षा केंद्रावर पोचले. शाळेच्या फाटकाबाहेर ही गर्दी! पाण्याच्या बाटल्या, पॅड, कंपास, आणि पोरांपेक्षा जास्त घाबरलेले आईबाप. सावलीत कल्पेश सर उभे होते. पलीकडच्या रस्त्यावर त्यांचा क्लास होता, आणि विघ्नेश सरांच्या पिवळ्या कार्डाने त्यांची बरीच मुलं पळवली होती.

"काय विघ्नेश सर, ऐकलं कार्ड परत मागवलंत? गाड्या परत मागवतात तसं?" कल्पेश सर आजूबाजूच्या चार पालकांना ऐकू जाईल इतक्या आवाजात हसले. बातमी फोनपेक्षा वेगाने पोचली होती.

विघ्नेश सरांनी मान फिरवली. त्यांचे डोळे रस्त्यावर होते. सव्वादहा झाले. दहा पंचवीस. पहिली घंटा झाली, मुलं आत जायला लागली. फ्लॉसी नाही. सरांचा जीव टांगणीला लागला. मनात एक नको तो विचारही डोकावला. ती उशिरा आली, धावतच आत गेली, तर सांगायची वेळच येणार नाही. आणि मग आपला काही दोष राहणार नाही. त्या विचाराची त्यांना इतकी लाज वाटली की ते फाटकाच्या अगदी मधोमध जाऊन उभे राहिले.

दहा चाळीसला रिक्षा थांबली. फ्लॉसी उतरली, मागोमाग मावशी. पोरीचा चेहरा पांढराफटक. हातात पिवळं कार्ड, कोपरे झिजून गोल झालेले. ओठ हलत होते. ती पाच ओळी म्हणत होती, जपमाळ ओढावी तशी.

"फ्लॉसी."

तिने पाहिलं. भीती आणखी वाढली. "सर, मी सगळं पाठ केलंय. O₂ दिसला की ज्वलन, पुढचं..."

"थांब." सरांना रात्रभर ठरवलेली सगळी वाक्यं आठवेनात. शिपाई फाटक लोटायच्या तयारीत होता. मावशी डोळ्यांनी सांगत होत्या, नको. कल्पेश सर दोन पावलं पुढे सरकले होते. सरांनी कम्पाउंडच्या भिंतीला टेकवून खिशातल्या वहीच्या पानावर एक ओळ लिहिली. 2KClO₃ → 2KCl + 3O₂.

"हे कुठलं? कार्ड नको बघू. डावीकडे किती पदार्थ आहेत?"

तिची नजर पानावर गेली, मग सरांवर. "सर, हे डिसेंबरमध्ये..."

"हो, डिसेंबरमधलंच. सांग. डावीकडे किती?"

"एक."

"उजवीकडे?"

"दोन." आवाज अगदी खाली गेला. "एकाचे दोन झाले."

"काही जळतंय?"

"नाही. ऑक्सिजन निघतोय."

"मग?"

तिचे ओठ घट्ट मिटले. तिला वाटत होतं, हा सापळा आहे. उत्तर दिलं की पुन्हा फुली. सरांना ते स्पष्ट दिसलं. मास्तरकीच्या बारा वर्षांत त्यांनी असं तोंड मिटलेलं पोर कितीदा पाहिलं होतं, पण ते आपण मिटवलंय हे कधी दिसलं नव्हतं.

"अपघटन," सर म्हणाले. मुद्दाम मोठ्याने म्हणाले. "तू बरोबर लिहिलं होतंस. मी चुकीची फुली मारली. कार्डाची पहिली ओळ चुकीची आहे, आणि ती मी लिहिली. सबंध वर्गात एकट्या तुझं उत्तर बरोबर होतं, फ्लॉसी."

फाटकाजवळचे पालक वळून बघायला लागले. कल्पेश सरांच्या चेहऱ्यावरचं हसू अर्धवट राहिलं. काय करावं ते त्यांनाही कळेना.

फ्लॉसी बघत राहिली. "मी बरोबर होते?"

"हो."

"म्हणजे माझं डोकं..."

"तुझं डोकं ठीक आहे. माझं बंद होतं."

"चला चला, फाटक बंद!" शिपाई ओरडला. फ्लॉसीने आत पाऊल टाकलं, मग परत वळली आणि कार्ड सरांच्या हातात कोंबलं. "आत न्यायला बंदी आहे," ती म्हणाली आणि धावत सुटली. तिच्या चेहऱ्यावर काय होतं ते सरांना कळलं नाही. आनंद म्हणावा तर तसा नव्हता. रडू असेलही.

फाटक बंद झालं. मावशी सरांकडे न बघता म्हणाल्या, "आता काय होईल ते होईल." त्या शाळेसमोरच्या पायरीवर बसल्या. सरही बाजूला बसले.

"शाबास," कल्पेश सर जवळ येऊन म्हणाले. टोमणा होता की काय ते ओळखता आलं नाही. "मला नसतं जमलं." आणि निघून गेले.

ऊन चढत गेलं. सरांनी हातातलं कार्ड उलटसुलट केलं. पहिल्या ओळीच्या शेजारी काहीतरी खरडलेलं आणि खोडरबरने पुसलेलं दिसत होतं. त्यांनी कार्ड तिरपं करून उन्हात धरलं. पेन्सिल पुसली तरी दाबून लिहिलेल्या अक्षरांचा वळ राहिला होता. 'डावीकडे असेल तरच?' असं लिहिलेलं होतं. त्याखाली बारीक तारीख होती, नोव्हेंबरची.

नोव्हेंबर. म्हणजे परीक्षेच्या आधीच तिने चूक पकडली होती. विचारायचं म्हणून लिहून ठेवलं असणार. मग डिसेंबरात फुली आली आणि तिने रबर घेतलं. सरांना काही क्षण समोरचं फाटक दिसेनासं झालं. मावशींनी विचारलं, काय झालं. ते म्हणाले, ऊन लागतंय.

पेपर सुटला. लोंढेच्या लोंढे बाहेर आले. प्रल्हाद दिसला, दुसरी दोनचार मुलं दिसली, "सर, सोपा होता" म्हणत पुढे गेली. फ्लॉसी सगळ्यांच्या शेवटी आली. सावकाश चालत, प्रश्नपत्रिका घडी करून हातात.

मावशी उठल्या. सरही उठले.

"आली होती, सर," फ्लॉसी म्हणाली. "शेवटची. पोटॅशियम क्लोरेटची."

सरांनी विचारलं, "काय लिहिलंस?"

तिने त्यांच्या हातातलं कार्ड हळूच काढून घेतलं, पुसलेल्या अक्षरांकडे एकदा पाहिलं आणि दप्तरात टाकलं.

"डिसेंबरात लिहिलं होतं तेच," ती म्हणाली. मग मावशीचा हात धरून म्हणाली, "चल मावशी, भूक लागलीये."